घंटेच्या आकाराची ऊब

लोखंडाची एक लांब, सरळ सळई घ्या. तिच्या बरोबर मधला एक सेंटिमीटरचा तुकडा झटक्यात तापवला, इतका की तो उरलेल्या सळईपेक्षा ५०० अंशांनी गरम झाला, आणि लगेच आच काढून घेतली. सळईभोवती ग्लासवूलचं जाड वेष्टन आहे, त्यामुळे उष्णता बाहेर जात नाही. तिला जायला वाट दोनच, डावीकडे आणि उजवीकडे. दहा सेकंदांनी मध्यापासून तीन सेंटिमीटरवर तापमान किती वाढलेलं असेल?

उत्तर आहे सुमारे ३५ अंश. मध्यावर त्या वेळी ९३ अंश उरलेले असतील आणि पाच सेंटिमीटरवर जेमतेम सहा. हे आकडे प्रयोग न करता, कागदावर काढता येतात. सळईवरच्या प्रत्येक ठिकाणचं तापमान आलेखावर मांडलं, तर मधे उंच, दोन्ही बाजूंना आधी सावकाश, मग झपाट्याने आणि पुन्हा सावकाश उतरत जाणारा एक वक्र मिळतो. देवळातली घंटा टांगल्यावर बाजूने दिसते तसा. विद्यार्थ्यांच्या गुणांचा किंवा माणसांच्या उंचीचा आलेख काढताना भेटणारा हाच तो घंटाकृती वक्र. तापलेल्या लोखंडात तो कुठून येतो, हे मला कित्येक वर्षं सूत्र पाठ असूनही कळलेलं नव्हतं. कळलं तेव्हा लक्षात आलं की सारं कारण एका वर्गात आहे, म्हणजे एका संख्येला तिनेच गुणण्यात.

आधी उष्णतेचा नियम पाहू. सळईचे बारीक बारीक तुकडे केल्याची कल्पना करा. प्रत्येक तुकडा आपल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहतो. शेजाऱ्यांच्या तापमानाची सरासरी आपल्यापेक्षा जास्त असेल तर तो तापतो, कमी असेल तर निवतो. फरक जितका मोठा तितका बदल जलद. डावीकडचा शेजारी दहा अंशांनी गरम आणि उजवीकडचा दहा अंशांनी थंड असेल, तर डावीकडून येईल तेवढी उष्णता उजवीकडे निघून जाते आणि मधल्याचं तापमान हलत नाही. याचा अर्थ असा, की तापमानाचा आलेख नुसता उतरता असल्याने काही बदलत नाही. तो वाकलेला असावा लागतो. जिथे उंचवटा आहे तिथे तो खचतो, जिथे खळगा आहे तिथे तो भरतो. बदलाचा वेग आलेखाच्या वाकण्याच्या प्रमाणात असतो, हेच उष्णतेचं समीकरण. गणिताच्या लिपीत ते असं लिहितात:

u_t = k u_xx

डावीकडे आहे काळानुसार होणारा बदल, उजवीकडे वाकणं. मधला k हा त्या धातूचा स्वभाव. शुद्ध लोखंडासाठी तो सुमारे ०.२३ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद आहे, तांब्यासाठी त्याच्या जवळजवळ पाचपट. एककात लांबीचा वर्ग आणि खाली काळ आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

हे समीकरण मांडून सोडवलं ते जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने. तो नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला जाऊन आला होता आणि १८०२ पासून ग्रनोबल या गावी राहून इझेर प्रांताचा कारभार पाहत होता. कारभारातून उरलेल्या वेळात तो उष्णतेवर काम करी. लोखंडाचं एक मोठं कडं एका जागी तापवून, त्यावर ठिकठिकाणी तापमापक ठेवून त्याने उष्णता कशी फिरते ते मोजलं होतं. १८०७ च्या डिसेंबरात त्याने आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला. परीक्षकांत लाग्रांज आणि लाप्लास यांच्यासारखी त्या काळातली सर्वांत मोठी नावं होती. लाग्रांजला त्यातली मूळ कल्पनाच पटली नाही.

ती कल्पना अशी होती. सळईवर तापमान कसंही पसरलेलं असो, ते अनेक साध्या लहरींची बेरीज आहे असं समजायचं. एका लहरीचं काय होतं ते शोधायचं, कारण ते सोपं असतं. मग सगळ्या लहरी पुन्हा मिळवायच्या. पेटीवर चार पट्ट्या एकदम दाबल्या तर एकच मिश्र आवाज येतो, पण तयार कानाला त्यातले चारही सूर वेगळे ऐकू येतात. फूरियेने हे आकारांच्या बाबतीत केलं. कुठलाही आकार घ्या, त्यातले सूर वेगळे काढा.

एका लहरीचं काय होतं? समजा, सळईवर तापमान लाटेसारखं आहे, एक सेंटिमीटर गरम, पुढचा एक थंड, पुन्हा गरम, असं दूरवर. लाटेचा माथा वाकलेला आहे, म्हणून तो खचतो. तळही वाकलेला आहे, म्हणून तो भरतो. लाटेचा खास गुण असा की तिचं वाकणं प्रत्येक ठिकाणी तिच्या उंचीच्याच प्रमाणात असतं. त्यामुळे सगळीकडे ती सारख्याच टक्क्यांनी खचते. आकार तोच राहतो, फक्त उंची घटत जाते. इतर कुठलाही आकार खचता खचता बदलतो, लाट मात्र लाटच राहते. म्हणूनच फूरियेने लाटा निवडल्या.

आता तो वर्ग येतो. लाट दुप्पट दाट केली, म्हणजे माथ्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर निम्मं केलं, तर ती चौपट वाकते. म्हणून ती चौपट वेगाने खचते. लोखंडावर दोन सेंटिमीटर लांबीची लाट ०.३ सेकंदात निम्मी होते. वीस सेंटिमीटरची लाट निम्मी व्हायला ३० सेकंद घेते आणि दोन मीटरची लाट जवळजवळ ५० मिनिटं. लांबी दहापट झाली की वेळ शंभरपट. बारीक नक्षी क्षणात पुसली जाते, मोठी चढउतार रेंगाळते. गरम सळईवरचे तीक्ष्ण कोपरे सर्वांत आधी का नाहीसे होतात, याचं उत्तर एवढंच आहे.

फूरियेच्या लोखंडी कड्यावर सगळ्या लाटा बसत नाहीत. कड्याच्या परिघात एक पूर्ण लाट बसेल, दोन बसतील, तीन बसतील, पण अडीच बसणार नाहीत, कारण फेरी पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. म्हणून तिथे लाटांची यादी करता येते: पहिली, दुसरी, तिसरी. हीच ती फूरिये श्रेणी. सळई दोन्ही बाजूंना न संपणारी मानली, की जुळवण्यासारखं टोकच राहत नाही. मग कुठल्याही लांबीची लाट चालते, अडीच काय नि पावणेतीन काय. यादी संपते आणि तिच्या जागी अखंड पट्टा येतो. लाटा एकेक मोजून मिळवण्याऐवजी सलग मिळवाव्या लागतात, म्हणजे बेरजेच्या जागी संकलन येतं. एखाद्या आकारात प्रत्येक लांबीची लाट किती आहे, हे सांगणाऱ्या त्या हिशेबाला आज फूरिये रूपांतर म्हणतात. १८०७ च्या प्रबंधात ते नव्हतं. मधल्या काळात, १८०९ मध्ये, लाप्लासने अनंत रेषेवरचं उत्तर दुसऱ्याच वाटेने काढून दाखवलं होतं. फूरियेने १८११ मध्ये स्पर्धेसाठी पाठवलेल्या वाढीव प्रबंधात अनंत लांबीच्या सळईचा विचार या सलग लाटांनी केला. त्या प्रबंधाला पारितोषिक मिळालं, पण त्यात पुरेसा काटेकोरपणा नाही असा शेराही परीक्षकांनी मारला. त्याचं पुस्तक छापून यायला १८२२ उजाडलं.

आता आपल्या सळईकडे परत येऊ. मधला तुकडा सळईच्या मानाने इतका छोटा आहे की तो टाचणीच्या टोकाइतका आहे असं समजू. अशा टोकदार उष्णतेत कुठल्या लाटा किती असतात? सगळ्या, आणि सगळ्या सारख्या. लांब, आखूड, अतिआखूड, प्रत्येकीचा माथा बरोबर मध्यबिंदूवर. मध्यावर सगळ्यांचे माथे एकमेकांवर चढतात. मध्यापासून जरा दूर गेलं की कुणाचा माथा तर कुणाचा तळ येतो आणि सगळं एकमेकांना खोडून टाकतं.

मग घड्याळ सुरू होतं. प्रत्येक लाट आपापल्या वेगाने खचते आणि तो वेग दाटपणाच्या वर्गावर ठरतो. लाटेच्या दाटपणाला ω म्हटलं, तर t सेकंदांनी तिचा उरलेला भाग e^(−kω²t) इतका असतो. कागदावर आडवा ω घेऊन हे मांडून पाहा. शून्याजवळ, म्हणजे लांबच लांब लाटांपाशी, काहीच घट नाही. पुढे झपाट्याने उतार, आणि दाट लाटांपाशी जवळजवळ शून्य. घंटा इथेच दिसली. पण ही लाटांच्या जगातली घंटा आहे, सळईवरची नव्हे. उरलेल्या लाटा पुन्हा एकत्र मिळवल्या की सळईवर काय दिसेल, ते अजून काढायचं आहे.

ते काढताना सरळ संकलन करण्याऐवजी मला एक दुसरी वाट आवडते. मिळणाऱ्या आकाराची उंची विचारण्याऐवजी त्याचा उतार विचारायचा. लाटांच्या बेरजेचा उतार काढून त्या संकलनाची एकदा खांडशः मांडणी केली, की एक साधं नातं समोर येतं: कुठल्याही ठिकाणचा उतार म्हणजे तिथली उंची गुणिले x, भागिले 2kt. पुढे ऋण चिन्ह, कारण आपण खाली उतरतो आहोत. खांडशः संकलन जमतं ते घातांकात ω चा वर्ग असल्यामुळेच. तो घन असता, तर हे नातं मिळालं नसतं.

या नात्याचा अर्थ आकड्यांत पाहा. दहा सेकंदांनी 2kt ची किंमत ४.६ असते. मध्यापासून एक सेंटिमीटरवर तापमान दर सेंटिमीटरला २२ टक्के या दराने घसरत असतं. दोन सेंटिमीटरवर तो दर ४३ टक्के होतो, चार सेंटिमीटरवर ८७. बँकेतल्या ठेवीचा व्याजदर स्थिर असला की चक्रवाढ होते. इथे घट चक्रवाढीचीच आहे, पण तिचा दर स्थिर नाही, मध्यापासूनच्या अंतराबरोबर तो सारखा चढत जातो. म्हणून घातांकात x न येता x चा वर्ग येतो. अशा तऱ्हेने घटणारा आकार एकच आहे, आणि तो म्हणजे घंटा. लाटांच्या जगात घंटा होती, सळईवरही घंटाच उतरली. आणि तिकडची जसजशी अरुंद होते, तसतशी इकडची रुंद होत जाते.

उंची ठरवायची राहिली. उष्णता बाहेर गेलेली नाही, म्हणून वक्राखालचं क्षेत्रफळ सुरुवातीइतकंच राहायला हवं. एक सेंटिमीटर गुणिले ५०० अंश, म्हणजे ५००. याला Q म्हणू. मग पूर्ण उत्तर असं:

u(x,t) = Q/√(4πkt) · e^(−x²/4kt)

घंटेची रुंदी, जिला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, ती इथे √(2kt) आहे. दहा सेकंदांनी ती २.१ सेंटिमीटर असते आणि शिखर ९३ अंशांवर. रुंदी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो, म्हणून ४० सेकंदांनी रुंदी ४.३ सेंटिमीटर आणि शिखर साडेशेहेचाळीस. १६० सेकंदांनी रुंदी ८.६ आणि शिखर सव्वातेवीस. उष्णता सुरुवातीला धावते आणि मग तिचे पाय जड होतात, असं वाटतं ते यामुळे. प्रत्यक्षात नियम बदललेला नसतो. वाकणं कमी झालेलं असतं.

तापवलेला तुकडा टाचणीचं टोक नव्हता, एक सेंटिमीटर रुंद होता, ही शंका वाजवी आहे. हिशेब असा: कुठलीही सुरुवातीची उष्णता म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली अनेक टोकं. प्रत्येक टोकाची स्वतःची घंटा होते आणि सगळ्या घंटा मिळवायच्या. त्या मिळवताना रुंदीचे वर्ग एकमेकांत जमा होतात. एक सेंटिमीटरच्या तुकड्याच्या रुंदीचा वर्ग एक-बारांश, म्हणजे ०.०८. दहा सेकंदांत पसरण्याने आलेला वर्ग ४.६. त्यापुढे ०.०८ कुठल्या कुठे हरवतं. तुकडा चौकोनी तापवला होता की त्रिकोणी, हे दहा सेकंदांनंतर सळई जवळजवळ विसरून जाते.

हे विसरणं कायमचं असतं. समजा, दहा सेकंदांनंतरची घंटा मोजून सुरुवातीचा आकार शोधायचा आहे. म्हणजे खचलेल्या लाटा पुन्हा उभ्या करायच्या. दोन सेंटिमीटरची लाट दहा सेकंदांत इतकी खचते की तिला मूळ उंचीवर आणायला सातशे कोटींनी गुणावं लागतं. तापमापकाच्या वाचनात अंशाच्या हजाराव्या भागाची चूक असली, तरी तीही सातशे कोटींनी गुणली जाते आणि उत्तरात सत्तर लाख अंश निघतात. अशा उत्तरात भराभर वरखाली होणारे अवाढव्य दातेरी आकडे दिसले, की ओळखावं: घड्याळ उलटं फिरवण्याचा प्रयत्न झाला आहे.

अनंत सळई कुठल्याच कारखान्यात मिळत नाही. मग हे उत्तर कुठे लागू पडतं? सळई दोन मीटरची असेल, तर मध्यापासून टोक एक मीटरवर. वीस मिनिटांनी घंटेची रुंदी साडेतेवीस सेंटिमीटर होते, म्हणजे टोक अजून चार रुंदींपेक्षाही दूर. तिथे सूत्र अंशाचा हजारावा भाग सांगतं. तोवर सळईला आपल्याला टोक आहे याचा पत्ताच नसतो आणि अनंत मानण्यात काही चूक होत नाही. पाऊण तासानंतर मात्र टोकाकडून परतणारी उष्णता मोजता येईल इतकी होते. त्यानंतर अनंत रेषेचं सूत्र सोडून द्यावं.

सूत्रात एक खोलवरची खोटही आहे. कितीही कमी वेळ घेतला, कितीही लांबचा बिंदू घेतला, तरी ते तापमान शून्य देत नाही. म्हणजे मधोमध आच लागल्याबरोबर त्याच क्षणी दूरवर ऊब पोचली, असं ते म्हणतं. एका सेकंदाने अर्ध्या मीटरवर किती? शिखराच्या मानाने दशांश चिन्हापुढे ११७० हून जास्त शून्यं आणि मग पहिला अंक. सळईतले अणू मोजले तर पंचवीस-सव्वीस आकडी संख्या होईल. त्यापुढे या उबेला कसलाच भौतिक अर्थ उरत नाही. समीकरण पदार्थाला सलग मानतं, पदार्थ सलग नाही, हा फरक तिथे उघडा पडतो. मोजमापात मात्र तो कधी आडवा येत नाही.

याच समीकरणाने एकदा समुद्राखालच्या तारेचं भविष्य सांगितलं होतं. १८५४ मध्ये विल्यम थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं, की समुद्रातून जाणाऱ्या लांब तारेत विजेचा दाब उष्णतेसारखाच पसरतो. हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेला. फूरियेचं गणित त्याने पोरवयातच वाचलं होतं. तारेची लांबी दुप्पट केली तर संदेशाला चौपट उशीर होणार, असं त्याचं म्हणणं. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तार टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला तिच्यातून सोळा तास लागले. तिच्यात विजेचा दाब फार जास्त दिला गेला आणि काही आठवड्यांतच ती निकामी झाली.

हाच वर्गाचा नियम तुम्हाला घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येईल. सूत्रातून असं निघतं, की मध्यापासून x अंतरावरचं तापमान आधी चढतं, x²/2k इतक्या सेकंदांनी सर्वांत जास्त होतं आणि मग उतरतं. लोखंडी सळईवर दहा सेंटिमीटरला हा क्षण २१७ सेकंदांनी येतो आणि तिथे तेव्हा १२ अंश वाढ असते. वीस सेंटिमीटरला तो ८७० सेकंदांनी, म्हणजे साडेचौदा मिनिटांनी, आणि वाढ सहा अंश. तर एक लांब सळई घ्या, दहा आणि वीस सेंटिमीटरवर दोन तापमापक बांधा, मधला भाग ब्लो टॉर्चने तापवा आणि दोन्ही ठिकाणी कमाल तापमान कधी येतं ते लिहून ठेवा. ब्लो टॉर्च मोठ्या माणसाच्या हातातच असू द्या. सळई शुद्ध लोखंडाची नसेल तर सेकंद वेगळे येतील, पण दोन वेळांचं गुणोत्तर चारच यायला हवं. ते तीनच्या आसपास आलं, तर समजा की वेष्टन कमी पडलं. मिनिटाला चार टक्के उष्णता हवेत गेली, तर दहा सेंटिमीटरवरचा क्षण २१७ ऐवजी १७५ सेकंदांवर आणि वीस सेंटिमीटरवरचा ८७० ऐवजी ५१० सेकंदांवर येतो. ग्लासवूलचा आणखी एक थर गुंडाळा आणि पुन्हा मोजा.